चढाला दुखणारी दाढ

अप्पांची डावीकडची खालची दाढ काढली तेव्हा ती खरोखरच किडलेली निघाली, आणि सगळा घोळ तिथूनच सुरू झाला. ती धडधाकट निघाली असती तर दातांच्या डॉक्टरांनी डोकं खाजवलं असतं, आईनं विचारलं असतं की मग दुखत होतं तरी काय, आणि कुणाच्या तरी मनात शंकेची पाल चुकचुकली असती. पण कापसात गुंडाळून दिलेली ती काळी पडलेली दाढ अप्पांनी घरी आणून सगळ्यांना दाखवली. "बघा, हिनं छळ मांडला होता." विषय संपला. पुढं जबडा दुखायचा थांबला नाही, तेव्हा शेजारच्या दाढेवर संशय गेला. आधीची किडलेली होती म्हटल्यावर शेजारणीचं नाव यायला कितीसा वेळ लागतो?

अप्पा ७४ वर्षांचे. एसटीच्या वर्कशॉपमध्ये सगळी नोकरी गेली, मेकॅनिक म्हणून. निवृत्तीनंतर त्यांनी एकच नेम धरला. पहाटे उठायचं, अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागायचं, चार भिंतींपर्यंत चढायचं आणि तिथं मित्रमंडळींसोबत जगाचा कारभार निकालात काढून आठच्या आत घरी यायचं. मधुमेह जुना, पंधराएक वर्षांचा. रक्तदाबाची गोळी चालू. तब्येतीबद्दल कुणी विचारलं की "रोज किल्ला चढतो मी" हे उत्तर ठरलेलं. खरं तर ते किल्ला चढत नसत, चार भिंती म्हणजे पायथ्याच्या जरा वरचं स्मारक. पण एवढं कोण मोजतंय.

मागच्या पावसाळ्यापासून त्यांना चढावर दम लागायला लागला होता. हे मला नंतर कळलं, आणि तेही एकदम नाही. आईनं थोडं सांगितलं, चार भिंतींवरच्या काकांनी थोडं, आणि उरलेलं अप्पांकडून उलटतपासणी घेऊन काढावं लागलं. प्रत्येक तक्रारीला त्यांनी स्वतंत्र मालक नेमला होता. दम लागतो तो वयानं आणि हवेतल्या धुळीनं. जबडा दुखतो तो दाढेनं. तळपाय बधिर होतात ते नव्या चपलेनं. या सगळ्या तक्रारी एकाच माणसाच्या आहेत हे कुणी एका कागदावर लिहिलेलंच नव्हतं. फॅमिली डॉक्टरांना दम सांगितला नाही, कारण त्यांच्याकडं साखरेच्या गोळ्यांसाठी जायचं. दातांच्या डॉक्टरांना चढ सांगितला नाही, कारण दाढेचा आणि चढाचा काय संबंध?

माझं काम मेडिक्लेमच्या फायली तपासायचं. मी डॉक्टर नाही. पण दिवसभर डिस्चार्ज कार्ड वाचते, आणि त्यात अगदी वर एक रकाना असतो, दाखल होताना रुग्णाची तक्रार काय होती त्याचा. हृदयविकाराच्या फायलीत तिथं 'छातीत दुखणं' असणार असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा असतंही. पण म्हाताऱ्या माणसांच्या, मधुमेह्यांच्या आणि बायकांच्या फायलींत त्या रकान्यात भलतंच काही लिहिलेलं सापडतं. नुसता दम. खांद्याच्या दोन पात्यांमध्ये जडपणा. घशाशी आवळल्यासारखं. मळमळ आणि दरदरून घाम. आणि जबडा. अशा फायलींना विमा कंपनी हटकून शंका काढते, की तक्रार जबड्याची आणि बिल हृदयाचं कसं, म्हणून त्या माझ्या चांगल्या लक्षात राहतात.

दिवाळीला साताऱ्याला गेले होते. पहाटे चांगली थंडी पडली होती. भाऊबीजेच्या आदल्या दिवशी अप्पांबरोबर चार भिंतींकडं निघाले. आदल्या रात्रीचा फराळ आणि निघण्यापूर्वी चहाबरोबर दोन चकल्या, असं पोटात घेऊन आम्ही चढायला लागलो. पहिल्या वळणाच्या जरा अलीकडं अप्पा थांबले आणि हात लांब करून मला यवतेश्वराचा डोंगर दाखवायला लागले. जन्म साताऱ्यात गेलेल्या मुलीला यवतेश्वर दाखवणारा माणूस दम खायला थांबलेला असतो, हे कळायला फाईल तपासावी लागत नाही. मी डोंगराकडं न बघता त्यांच्याकडं बघत राहिले. बोलता बोलता वाक्य मध्येच तुटत होतं. एक हात वर गेला. अंगठा एका गालाखाली, चार बोटं दुसऱ्या गालाखाली, असा त्यांनी सगळा खालचा जबडा तळहातात धरला आणि तोंड उघडमीट केलं. मग दोनेक मिनिटांत हात खाली आला, श्वास सरळ झाला, आणि "चल" म्हणाले.

"अप्पा, दाढ कुठली दुखते?"

"हीच की." त्यांनी बोट लावलं नाही. पुन्हा तोच पंजा सगळ्या जबड्यावरून फिरवला.

दाढ दुखणारा माणूस बोट लावून दाखवतो. एका बाजूची, अमुक दाढ. गार पाण्यानं कळ जाते, चावलं की जाते, रात्री उशीवर डोकं टेकलं की ठणका वाढतो. चाललं म्हणून दाढ दुखत नाही आणि उभं राहिलं म्हणून थांबत नाही. अप्पांचं दुखणं दोन्ही बाजूंना होतं, ओढल्यासारखं, जड, आणि चढाला बांधलेलं. वर पोचल्यावर मी काकांना बाजूला घेऊन विचारलं. ते म्हणाले, पावसाळ्यात अप्पा पार वर आल्यावर थांबायचे, दसऱ्याच्या सुमारास मधल्या वळणावर, आता खालच्याच वळणावर. म्हणजे थांबायची जागा डोंगरावरून खाली उतरत होती. त्या क्षणी माझ्या पोटात गोळा आला.

उतरताना आणखी एक झालं. अप्पांच्या डाव्या पायातली चपल मागं राहिली आणि ते तसेच पाचसहा पावलं चालले. त्यांना कळलंच नाही. मी हाक मारल्यावर त्यांनी पायाकडं बघितलं आणि हसले, "सैल झालीय." चपल सैल नव्हती. जुन्या मधुमेहानं तळपायाच्या नसा बोथट होतात, तेव्हा पायातून चपल निसटल्याचं माणसाला समजत नाही. आणि पायाच्या नसा ज्या साखरेनं बोथट होतात, तीच साखर हृदयाकडून येणाऱ्या नसांनाही सोडत नाही. अशा माणसाच्या हृदयाला रक्त कमी पडलं तरी छातीत ती नावाजलेली कळ येईलच असं नाही. दम लागतो, थकवा येतो, आणि तेवढ्यावरच भागतं.

मग जबडाच का? हृदयाचं दुखणं मेंदूला नीट पत्त्यासकट कळत नाही. बोटाला सुई टोचली तर मेंदू बोटाचं पेर सांगतो. हृदयाकडून रोज काही निरोप जात नसतो, त्यामुळं त्याची अशी ठरलेली जागाच नाही. तिथल्या काही नसा छातीच्या नि हाताच्या नसांबरोबर मज्जारज्जूत शिरतात, आणि काही मानेतून वर जाऊन जिथं जबड्याच्या नसा येतात त्याच परिसरात पोचतात. मेंदू अंदाज बांधतो आणि ज्याच्याकडून त्याला नेहमी निरोप येतात त्याचं नाव घेतो. कुणाला डावा हात दुखतो, कुणाला खांदा, कुणाला जबडा. ती भावना खोटी नसते, जागा तेवढी चुकलेली असते. म्हणून अप्पा खोटं बोलत नव्हते, त्यांची दाढ खरंच दुखत होती.

या दुखण्याची कुंडली मांडून आता अडीचशे वर्षं झाली. विल्यम हेबर्डन नावाच्या डॉक्टरानं १७६८ साली लंडनमध्ये आपल्या बरोबरीच्यांसमोर तिचं वर्णन वाचून दाखवलं होतं. चालताना येतं, विशेषतः चढावर आणि जेवणानंतर लगेच, आणि माणूस उभा राहिला की नाहीसं होतं. त्या काळी ना ईसीजी होता, ना रक्ताची तपासणी. नुसतं विचारून आणि ऐकून एवढं गाठलं. चकल्या खाऊन थंडीत चढणारे माझे अप्पा त्या वर्णनात जसेच्या तसे बसत होते.

पण 'उभं राहिलं की नाहीसं होतं' हीच गोष्ट त्यांना धीर देत होती. "दोन मिनिटं थांबलं की बरं वाटतं, मग कसला आजार?" हा त्यांचा बिनतोड मुद्दा. रोग असेल तर तो राहील, जाईल कशाला, असं त्यांचं गणित. शिवाय त्यांच्याकडं एक कागद होता. उन्हाळ्यात कुठल्याशा शिबिरात काढलेला ईसीजी, वर शिक्का 'नॉर्मल'. तो त्यांनी आधार कार्डाबरोबर प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला होता. मी विषय काढला की पाकीट बाहेर यायचं.

त्या दिवशी दुपारी मी त्यांच्याशी हृदयावरून वाद घालायचं सोडून दिलं. अंगणात बसले होते, तिथं जाऊन विचारलं, "अप्पा, एखादी गाडी डेपोत न्यूट्रलला मस्त चालते. आवाज नाही, धूर नाही. आणि खंबाटकी चढताना दम टाकते. ड्रायव्हरनं लॉगशीटवर लिहून दिलं, पिकअप नाही. तुम्ही काय करायचा?"

"डिझेल फिल्टर बघायचा. चोक असणार." उत्तर तयार होतं.

"न्यूट्रलला तर बरी चालते की."

"न्यूट्रलला डिझेल लागतंय किती? लोडवर कळतं गाडीचं खरं..." आणि ते मध्येच थांबले. माझ्याकडं बघितलं. "लई शहाणी झालीस."

"तुमचा तो कागद न्यूट्रलचा आहे."

इतकंच. बसून, पडून, दुखत नसताना काढलेला ईसीजी चांगला येऊ शकतो, नळी बरीच बुजलेली असली तरी येऊ शकतो. त्यावर नॉर्मल लिहिलं म्हणजे त्या घटकेला तारेवर काही दिसलं नाही, एवढाच त्याचा अर्थ. अप्पांना हे पटलं होतं, पण पटणं आणि उठून जाणं यात साताऱ्याच्या माणसाचं बरंच अंतर असतं. "सोमवारी बघू. सणासुदीचं डॉक्टर कुठं बसतोय." मीही म्हटलं, ठीक, सोमवारी मी रजा वाढवते, पण तोवर चार भिंती बंद. इतपत तह झाला.

भाऊबीजेच्या पहाटे आईनं मला हलवून उठवलं. "अगं, हे उठून बसलेत. दाढ दुखतेय म्हणतात." पाचचा सुमार. अप्पा पलंगाच्या कडेला बसलेले, दोन्ही हात गुडघ्यांवर, कपाळ ओलं. नोव्हेंबरातल्या पहाटे, पंखा बंद, आणि घाम. मी बसले त्यांच्याजवळ. आई लवंगेचं तेल शोधत होती. दहाबारा मिनिटांत दुखणं ओसरलं आणि लगेच अप्पा म्हणाले, "गेलं बघ. झोपा तुम्ही." आई हळूच म्हणाली, परवा रात्रीही असंच उठले होते, तुला सांगू नको म्हणाले.

चढावर येणारं दुखणं आणि झोपेत येणारं दुखणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. ठरावीक चढाला येतं, थांबलं की जातं, महिनोन्महिने तसंच आहे, तर चारआठ दिवसांत तपासणी ठरवायला वाव असतो. पण थोड्या श्रमांत यायला लागलं, जास्त वेळ टिकायला लागलं, आणि आता काही न करता बसल्याजागी आलं, तर रक्तवाहिनीतला थर फुटून त्यावर गुठळी धरू लागलेली असू शकते. ती कधी पुरी बंद होईल ते सांगता येत नाही. तेव्हा सोमवार नाही, सकाळही नाही.

"कपडे घाला अप्पा."

"अगं पण आता दुखत न्हाय."

"म्हणून तर आत्ता जायचं."

"आज भाऊबीज. तुझा भाऊ येईल, ओवाळायचं सोडून..."

"दवाखान्यात ओवाळीन. तुम्ही उठा."

त्यांनी खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली. दुचाकीवरून स्वतः जायचं त्यांच्या मनात होतं, मागं मी. किल्ली मी काढून घेतली. आमचे फॅमिली डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहतात, म्हणून त्यांना फोन लावला. नुसतं 'अप्पांची दाढ दुखते' असं सांगितलं असतं तर त्यांनी पेनकिलर सुचवली असती. मी फायलीतल्यासारखं सांगितलं: वय, मधुमेह किती वर्षं, चढाला दम आणि जबडा, थांबलं की जातं, अंतर कमी होत आलंय, दोन रात्री झोपेतून, आज घाम. फोनवर क्षणभर शांतता. मग म्हणाले, १०८ ला फोन करा, चालवू नका, जिने उतरवू नका, आणि तो जुना ईसीजी बरोबर घ्या. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा पोटात अल्सर नाही ना, हे विचारून त्यांनी साधी ॲस्पिरिन, तीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, चावून खायला सांगितली. गिळायची नाही, चावायची, म्हणजे लवकर लागू पडते. ते स्वतः हॉस्पिटलमध्ये आले. असे डॉक्टर अजून आहेत, हे लिहून ठेवते.

हॉस्पिटलमध्ये काढलेल्या ईसीजीवर मशीननं वर काहीतरी मोघम छापलं होतं, फारसं घाबरवणारं नाही. तोवर अप्पा पुरते ताजेतवाने झाले होते, ड्यूटीवरच्या पोराला एसटीच्या गोष्टी सांगत होते. आमच्या डॉक्टरांनी शिबिराचा कागद आणि हा कागद शेजारी शेजारी धरले. छातीच्या मधल्या भागातल्या दोन पट्ट्यांवर, व्ही टू आणि व्ही थ्री, जी लाट उन्हाळ्यात वर होती ती आता खाली वळली होती. अप्पांचा तो जुना कागद शेवटी उपयोगी पडला तो असा. दुखणं थांबल्यावर या ठिकाणी लाट उलटी दिसली, तर हृदयाच्या पुढच्या भागाला रक्त देणारी मोठी वाहिनी अगदी सुरुवातीलाच अडलेली असण्याची शक्यता मोठी, असं हृदयाच्या डॉक्टरांनी नंतर समजावलं. अप्पा उत्साहात म्हणाले, "मग त्या पट्ट्यावर चालवून बघा की. लोडवर कळतं." डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "काका, लोडची तपासणी ज्याचं दुखणं स्थिर आहे त्याची. तुम्हाला आज ट्रेडमिलवर चढवलं तर तिथंच ॲटॅक येईल."

रक्तात ट्रोपोनिन तपासलं. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं, पण लगेच नाही, काही तास लागतात. म्हणून एकदा तपासून भागत नाही. पहिला आकडा मर्यादेच्या जरासा वर आला. असा जरासा आकडा किडनीच्या आजारातही दिसू शकतो. तीन तासांनी दुसरा नमुना घेतला आणि तो पहिल्याच्या कितीतरी पट आला. आकडा चढतोय याला महत्त्व. म्हणजे पहाटेची ती 'दाढ' छोटा हृदयविकाराचा झटका होता. मधल्या वेळात त्यांनी स्टेथोस्कोप लावून झडपेचा आवाज ऐकला, हिमोग्लोबिन पाहिलं, छातीचा एक्स-रे काढला, सोनोग्राफीच्या यंत्रानं हृदयाचं आकुंचन पाहिलं. कारण दम लागण्याचे मालक आणखीही असतात. रक्त कमी असलं तरी लागतो, म्हातारपणी झडप आखडली तरी चढावरच लागतो, आणि फुप्फुसांचं तर आहेच. अप्पांचं हे सगळं ठीक निघालं.

अँजिओग्राफी दुसऱ्या दिवशी ठरली. त्याआधी क्रिएटिनिन पाहिलं, कारण नळ्या दिसाव्यात म्हणून सोडतात ते औषध मूत्रपिंडांवर भार टाकतं, आणि जुन्या मधुमेह्याला तिथं जपावं लागतं. आईला वाटत होतं की छाती उघडणार. काही नाही. उजव्या मनगटाच्या नाडीतून बारीक नळी घालतात. भूल तेवढ्या जागेपुरती, माणूस जागा.

आत काय झालं ते अप्पांच्याच तोंडून ऐकावं, आता सगळ्या गल्लीला पाठ झालंय. पडद्यावर त्यांना स्वतःच्या नळ्या दिसत होत्या. पुढच्या मोठ्या नळीत, उगमाजवळ, रेघ एकदम सुतासारखी झालेली. डॉक्टर म्हणाले, नव्वदच्या वर ब्लॉक आहे. अप्पा म्हणाले, "चोक." मग तार पुढं गेली, तारेवरून बारीक फुगा गेला, आणि अप्पांनी विचारलं, हवा किती भरता? डॉक्टर बिचारे उत्तर देत राहिले. हवा नसते, पातळ केलेलं ते दिसायचं औषधच भरतात, बाराएक वातावरणाच्या दाबानं. अप्पांनी पडल्यापडल्या हिशेब केला, बसच्या टायरच्या दीडपट. आणि फुगा फुगला तेव्हा त्या काही सेकंदांपुरती नळी पूर्ण बंद झाली, आणि जबडा दुखायला लागला. तोच. दोन्हीकडून, ओढल्यासारखा.

"हीच! हीच ती दाढ!" अप्पा टेबलावरून ओरडले. डॉक्टरांनी फुगा सोडला. दुखणं गेलं.

मी इतकी वर्षं फायली वाचते, पण इतका रोखठोक पुरावा कुठल्या कागदात वाचला नव्हता. नळी बंद केली, दाढ दुखली. नळी उघडली, दाढ थांबली. मग औषध लावलेला स्टेंट त्या जागी बसवला.

बाहेर आणल्यावर मनगटावर पारदर्शक पट्टा होता, आत हवा भरलेला, नाडीच्या भोकावर दाब ठेवणारा. नर्स ठरावीक वेळानं सिरिंज लावून त्यातली थोडी थोडी हवा काढत होती आणि दर वेळी खाली वाकून रक्त झिरपतंय का बघत होती. अप्पा तिला सूचना देत होते. खर्चाची काळजी ते आता बोलून दाखवायला लागले. एका काकांच्या तोंडून त्यांनी ऐकलं होतं की एक स्टेंट लाखाच्या पुढं जातो, आणि इतके दिवस गप्प बसण्यात हेही कारण होतं, असं आई म्हणते. ते काकांच्या वेळी खरं असेल. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारनं स्टेंटच्या किमतीला मर्यादा घातली आणि तेव्हा औषध लावलेल्या स्टेंटची कमाल किंमत तीस हजारांच्या आत आली. बिल त्याहून मोठंच होतं, कारण कॅथलॅब, खोली, डॉक्टर, औषधं यांना ती मर्यादा नाही. पण घर विकावं लागेल या भीतीत माणूस पहाटे घामाघूम होऊन गप्प बसतो, तेव्हा हा फरक त्याला आधी माहीत असलेला बरा.

डिस्चार्जच्या वेळी गोळ्यांचा ढीग मिळाला. त्यातल्या दोन रक्त पातळ ठेवणाऱ्या. डॉक्टरांनी त्यांच्याभोवती पेनानं गोल काढला. वर्षभर या बंद करायच्या नाहीत, एक दिवसही नाही, मला विचारल्याशिवाय कुणाच्या सांगण्यावरून नाही. नव्या स्टेंटवर गुठळी धरली तर तो एकदम बंद होतो. हे सांगणं फार लवकर कामाला आलं. शेजारची दाढ खरोखरच किडायला लागली होती (गार पाण्यानं कळ, बोट लावून दाखवता येते), आणि दातांच्या दुसऱ्या डॉक्टरांनी सांगितलं, पाच दिवस पातळ गोळ्या थांबवा, मग काढू. अप्पा थांबवायला निघालेच होते. हृदयाच्या डॉक्टरांनी सरळ नकार दिला: काही महिने भागत असेल तर भरून ठेवा, काढावीच लागली तर गोळ्या चालू ठेवून काढा, टाके घालून, बोळा दाबून रक्त थांबतं. दाढेचं रक्त थांबवता येतं, स्टेंट बंद झाला तर वेळ मिळत नाही.

जिभेखाली ठेवायची गोळीही दिली आहे. तिचे नियम अप्पांनी शर्टाच्या खिशातल्या डबीवर चिकटवलेत. बसून घ्यायची, उभ्यानं नाही, कारण रक्तदाब उतरतो आणि माणूस कोसळतो. पाच मिनिटांत उतार पडला नाही तर वाट बघायची नाही, १०८. पुरुषांच्या 'त्या' गोळ्या कुणी घेत असेल तर ही घ्यायची नाही. हा तिसरा नियम अप्पा मित्रांना जरा जास्तच मोठ्यानं वाचून दाखवतात.

आता ते पुन्हा चालतात. आधी सपाटीवर, मग हळूहळू चढ. खालच्या वळणावर थांबत नाहीत. आणि चार भिंतींवर त्यांनी दवाखाना उघडलाय. कुणी हात झटकला, कुणी मान चोळली, की चौकशी सुरू: चढाला दुखतं का? थांबल्यावर राहतं का? एका काकांचा डावा खांदा दुखतो म्हणून अप्पांनी त्यांना जवळजवळ ओढत डॉक्टरांकडं नेलं. ईसीजी झाला, ट्रेडमिल झाली, सोनोग्राफी झाली. काहीच नाही. खांदा आखडलाय, व्यायाम करा, असं निदान निघालं. काकांचा हात वर करताना दुखायचा, चढाला नव्हे, हे अप्पांनी विचारलंच नव्हतं.

काका मोकळे झाले. अप्पांना मात्र ते पटलेलं नाही. डॉक्टर नवीन आहे म्हणतात, दुसरीकडं दाखवू या म्हणून काकांच्या मागं लागलेत, आणि काका हल्ली फिरायला संध्याकाळी जातात.